अठ्ठ्याण्णव चित्रांत भरलेला आठवडी बाजार

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा तीन जणांचा स्टुडिओ आहे. शाळकरी पोरांसाठी टूडी ॲनिमेशनच्या छोट्या फिल्म करतो. गोष्ट इथली असली की आठवडी बाजार येतोच. पटकथेत त्याची एकच ओळ असते, "बाजार गच्च भरला आहे." ही ओळ लिहायला काही लागत नाही, पण काढायला बसलं की सगळं गणित कोलमडतं.

आधी ते गणित बघा. शॉट १२ सेकंदांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २८८ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, ज्याला आपण 'दोनावर' काढणं म्हणतो, तर एका माणसाला १४४ चित्रं लागतात. बाजार भरलेला वाटावा म्हणून आम्हाला ३८ माणसं हवी होती. सगळ्यांना शेवटपर्यंत वेगवेगळं हलवायचं तर ५,४७२ चित्रं. मागच्या गर्दीतली साधी माणसं आमच्याकडे एक जण दिवसाला १४ पर्यंत रेखून-रंगवून देतो. म्हणजे तिघांनी दुसरं काहीच न करता चार महिन्यांहून जास्त बसायचं, तेही १२ सेकंदांसाठी. तो शॉट आम्ही शेवटी ९८ चित्रांत केला. ते कसं जमलं हे पायरीपायरीने सांगतो. गोष्टीतली मुलगी आणि तिची आजी या हिशेबात नाहीत. त्या दोघींना पूर्ण चित्रं दिली, कारण बघणाऱ्याची नजर त्यांच्यावरच हवी होती.

नजर कशाला पकडते

त्याआधीच्या एका फिल्ममध्येही आम्ही बाजार केला होता आणि तो फसला होता. तिथेही या शॉटसारखे लूपच वापरले होते, म्हणजे थोडी चित्रं पुन्हा पुन्हा फिरवली होती. आलू विकणारी एक बाई टोपल्यातून एक आलू उचलते, काट्याच्या पारड्यात टाकते, पारडं खाली जातं, हात परत येतो. ४८ फ्रेमचा लूप, म्हणजे बरोबर दोन सेकंदांचा. चित्रं सुबक होती. फिल्म एका शाळेत दाखवली तेव्हा तिसरीतला एक पोरगा मध्येच ओरडला, "सर, ते बाई घडीघडी तोच आलू टाकून रायली!" त्यानंतर वर्गातल्या एकाही पोराने मुख्य पात्राकडे पाहिलं नाही. सगळे आलू मोजत बसले.

मी तो शॉट कितीदा तरी परत पाहिला, तेव्हा कळलं की पोराला चित्रांची पुनरावृत्ती खटकलीच नव्हती. त्याच शॉटमध्ये मागे एक म्हातारा दुपट्ट्याने वारा घेत होता. त्याची चित्रं बाईपेक्षा कमी होती आणि तो जास्त वेळा फिरला होता, तरी तो कोणाच्या लक्षात आला नाही. नजर पकडते ती घटना: हातातून सुटलेला एक आलू, एक शिंक, मागे फेकलेलं डोकं, खदखदून हसणं. घटना दुसऱ्यांदा घडली की ती खोटी ठरते. दुसरं म्हणजे नजर एकाच वेळी होणारी हालचाल पकडते. दोन माणसांनी एकाच क्षणी हात उचलला की बघणारा थबकतो. म्हणून माझा नियम असा की चित्रांवर वाचवायचं आणि वेळेवर, टायमिंगवर, खर्च करायचा. पुढचं सगळं यातूनच निघालं आहे.

पहिली पायरी: बाजारात जाऊन बसणं

चित्र काढण्याआधी खऱ्या बाजारात जा. मोबाइल ट्रायपॉडला लावा, समोरच्या दुकानदाराला विचारून एका जागी २० मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी येऊन एकाच माणसाकडे बघत ते चालवा. नवीन माणसाचा मोठा गैरसमज इथेच दूर होतो. बाजारात माणसं सतत हलत असतात असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळ ती स्थिर असतात. ताडपत्रीवर बसलेली बाई एका हातावर टेकून रस्त्याकडे बघत असते. गिऱ्हाईक आलं की थोडा वेळ हालचाल, मग पुन्हा तीच बैठक. गजबज वाटते ती माणसं आळीपाळीने हलतात म्हणून.

यात आपला दुहेरी फायदा आहे. लूपमध्ये स्थिर जागा, म्हणजे होल्ड, ठेवला तर तो खरा वाटतो आणि होल्डला नवीन चित्र लागत नाही. शिवाय आपल्याकडचे बहुतेक विक्रेते खाली बसलेले असतात. समोर पोती, टोपली, सांबारच्या जुड्या, भेदरांचा ढीग. पाय दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाही ते काढायचं नाही.

दुसरी पायरी: गर्दीचे तीन थर

आम्ही ३८ माणसं तीन थरांत वाटली. सगळ्यात मागे, पालांच्या सावलीत, २० माणसांचे दोन घोळके. यांना चेहरे नाहीत, फक्त दोन छटांचे आकार. प्रत्येक घोळका दहा माणसांचं एकच चित्र म्हणून काढला आणि त्याच्या चार आवृत्त्या केल्या, ज्यांत कुठे एखादं डोकं वळतं, कुठे एखादा खांदा खाली जातो. चित्रं झाली आठ.

मधल्या थरात १६ माणसं, आणि खरं काम इथेच आहे. ही १६ माणसं फक्त पाच मूळ पात्रांतून केली: तोलणारी भाजीवाली चारदा, उभ्याने भाव करणारा माणूस पाचदा, दुपट्ट्याने वारा घेणारा म्हातारा तीनदा, डोक्यावर टोपलं घेऊन चालणारी बाई दोनदा आणि सायकल हाती धरून चालणारा माणूस दोनदा. म्हाताऱ्याच्या जागी खर्रा घोटणारा माणूस घ्यायचा मोह झाला होता, कारण ती हालचाल लयबद्ध असते आणि आपल्याकडच्या कुठल्याही बाजारात ती दिसते. पण फिल्म लहान पोरांसाठी होती, म्हणून दुपट्टा.

सगळ्यात पुढे, कॅमेऱ्याला जवळजवळ खेटून, दोन गडद धूसर आकार. प्रत्येकी एकच चित्र, पाय चौकटीच्या खाली. फक्त पेग, म्हणजे चित्र ज्याला जोडलेलं असतं तो न दिसणारा आधार, वर-खाली हलवत आडवं सरकवलं की माणूस समोरून गेला असं वाटतं. हे दोघे कधी जातात ते जपून ठरवा. मागे कुठे लूप तोडायचा असेल, एखादं पात्र बदलायचं असेल, तो क्षण यांच्या आड लपवता येतो.

तिसरी पायरी: एक लूप नीट बांधणं

भाजीवालीचाच लूप सविस्तर सांगतो, कारण तिच्यावरच आम्ही आधी आपटलो होतो. तिचं अंग हे एकच स्थिर चित्र आहे. हात आणि काटा वेगळ्या कॉलममध्ये, म्हणजे अंगावर ठेवलेल्या वेगळ्या चित्रमालिकेत. ही मालिका १४ चित्रांची. आधीचा लूप ४८ फ्रेमचा होता, हा ८६ फ्रेमचा आहे आणि तरी चित्रं तेवढीच, कारण वाढीव वेळ होल्डमध्ये आहे.

सुरुवातीला चित्र १, हात मांडीवर, १६ फ्रेम. मग चित्र २ ते ७ दोनावर, १२ फ्रेम, ज्यात हात भाजीच्या ढिगामागे जातो. चित्र ७ वर १० फ्रेम होल्ड. हात ढिगामागे असल्यामुळे काय चाललंय ते दिसत नाही. चित्र ८ ते ११ दोनावर, ८ फ्रेम, मूठ पारड्याकडे येते. मग चित्र १२ आणि १३ आलटून पालटून, तीन-तीन फ्रेम, आठ वेळा. हे २४ फ्रेम काटा डुलत स्थिर होतो आणि बाई त्याच्याकडे बघते. शेवटी चित्र १४ चार फ्रेम आणि त्यानंतर जुनीच ५, ४, ३, २ तीन-तीन फ्रेम, म्हणजे परत जायला नवीन चित्र काढलंच नाही. बेरीज ८६.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सुटणारा आलू आता दिसत नाही. मूठ पारड्याच्या कडेआड जाते. दोन, लूप संपताना सगळ्या वस्तू सुरुवातीला होत्या तशाच हव्यात. आधीच्या लूपमध्ये पारडं रिकामं सुरू व्हायचं आणि भरून संपायचं, त्यामुळे दर दोन सेकंदांनी भाजी गायब व्हायची. आता पारडं सुरुवातीपासून भरलेलं आहे आणि तेवढंच राहतं. तीन, शेवटी पहिलं चित्र पुन्हा ठेवायचं नाही. नवीन मुलं लूप 'बंद' करायला म्हणून चित्र १ शेवटीही टाकतात. मग ते दुप्पट वेळ दिसतं आणि दर फेरीला बारीक अडखळ जाणवते. बसलेल्या पात्रात ती होल्डमध्ये लपते, पण चालीत लंगडल्यासारखी दिसते. बारा चित्रांच्या चालीत तेरावं चित्र म्हणजे पहिलंच, म्हणून ते काढून टाकायचं.

प्रत्येक लूपचं चित्र १ साधं, निवांत ठेवा. आम्ही त्याला मोकळी मुद्रा म्हणतो. पुढे तिचा फार उपयोग होतो.

चौथी पायरी: लूपची लांबी आणि सुरुवात

दोन लूप ४८ आणि ७२ फ्रेमचे असले तर ते दर १४४ फ्रेमला पुन्हा जुळतात. १२ सेकंदांच्या शॉटमध्ये दर सहा सेकंदांनी अख्खा बाजार तोच देखावा परत करतो. प्रेक्षकाला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण चित्र यंत्रासारखं वाटायला लागतं. म्हणून लांब्या अशा घ्या की त्या लवकर जुळणार नाहीत. आमचा म्हातारा ६२ फ्रेमचा आहे, भाव करणारा ७४ चा आणि भाजीवाली ८६ ची. या संख्यांचे अर्धे केले तर ३१, ३७ आणि ४३ येतात आणि तिन्ही मूळ संख्या आहेत. ६२ आणि ७४ चे लूप पुन्हा जुळायला २,२९४ फ्रेम लागतात, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त. शॉट त्याच्या किती तरी आधी संपतो.

एकाच पात्राच्या चार प्रती असल्या की प्रश्न वेगळा होतो. लांबी सारखीच, म्हणून सुरुवात सरकवावी लागते. इथे बहुतेक जण समान भाग करतात: ८६ ला चाराने भागा, दर २१-२२ फ्रेमला एक. तसं करू नका. समान अंतरावर सरकवलेल्या बायका एकामागून एक हात उचलतात आणि रांगेतून लाट गेल्यासारखं दिसतं. आम्ही चार भाजीवाल्यांना ०, १३, ५१ आणि ६४ फ्रेम सरकवलं. त्यातल्या दोन जवळजवळ एकत्र हलतात, मग बराच वेळ कोणीच नाही, मग पुन्हा दोघी. खऱ्या बाजारात असंच असतं. ज्या दोघी जवळच्या वेळी हलतात त्यांना चौकटीच्या दोन टोकांना बसवा, शेजारी नको.

आम्ही OpenToonz वापरतो. ते २०१६ पासून मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्यात हे काम सोपं आहे. Xsheet हा कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र ते मांडलेला तक्ता, आणि त्याचं एकेक घर म्हणजे सेल. त्यात लूपची एक पूर्ण फेरी निवडायची, म्हणजे भाजीवालीचे ८६ सेल. Cells मेनूतल्या Roll Down ने शेवटचा सेल वर येतो आणि बाकीचे एकेक घर खाली सरकतात. तेरा फ्रेम सरकवायचे तर तेरा वेळा. मग त्याच फेरीवर Repeat देऊन शॉट भरायचा. क्रम उलटा करू नका. आधी Repeat करून मग सरकवलं तर खालचं टोक वर येतं, आणि २८८ ला ८६ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे मधेच सांधा उडी मारतो.

पाचवी पायरी: त्याच माणसाचा दुसरा माणूस करणं

रंग बदलणं सगळ्यात स्वस्त. OpenToonz मध्ये एका पात्राच्या चित्रांच्या संचाला लेव्हल म्हणतात. Toonz Raster लेव्हलमध्ये चित्रात प्रत्यक्ष रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कुठला रंग दाखवतो हे पॅलेट ठरवतं. म्हणून लेव्हलची प्रत करून तिला वेगळं पॅलेट दिलं की सगळी चित्रं एकदम नव्या लुगड्यात येतात. आम्ही चार भाजीवाल्यांना चार पॅलेट दिले. एक बंधन पाळलं: मुलीचा फ्रॉक पिवळा होता, म्हणून अख्ख्या बाजारात दुसरं पिवळं काही ठेवलं नाही, केळीसुद्धा हिरवी घेतली.

नुसत्या रंगाने फसवता येत नाही. आकार ओळखू येतो. म्हणून बाह्यरेषा बदला. डोक्यावरून पदर आणि उघडा अंबाडा, टोपी आणि गुंडाळलेला दुपट्टा, पुढे टोपलं किंवा पोतं. या वस्तू वेगळ्या कॉलममध्ये ठेवून डोक्याला किंवा अंगाला जोडल्या की मूळ चित्राला हात लावावा लागत नाही. असे सगळे तुकडे मिळून आमचे सात झाले. ते स्थिर असल्यामुळे मी ९८ मध्ये मोजलेले नाहीत, पण अर्धा दिवस त्यांना लागतो हे धरून चला.

चित्र आडवं उलटवणं, म्हणजे फ्लिप, फुकट वाटतं आणि तिथेच घात होतो. भाव करणारा माणूस उलटवला तेव्हा तो डाव्या हाताने पैसे देऊ लागला. शहरात कदाचित कोणी बघितलं नसतं, गावातल्या माणसाच्या ते लगेच नजरेत येतं. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाचा खिसा उजवीकडे येतो. दुकानाच्या पाटीची अक्षरं उलटतात. त्यामुळे फ्लिप करायचाच असेल तर तो डिझाइन करतानाच ठरवा. आम्ही भाजीवालीचा पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही खांद्यांवर आणला, भाव करणाऱ्याला बिनखिशाचा सदरा दिला आणि त्याच्या हातातले पैसे काढून नुसतं बोट दाखवणं ठेवलं. प्रकाशही उलटतो. ऊन डावीकडून असेल आणि सावली अंगावरच रंगवलेली असेल, तर उलटवलेल्या माणसावर ऊन उजवीकडून पडतं. म्हणून अंगावर सावली रंगवली नाही. जमिनीवरची सावली वेगळ्या कॉलममध्ये काढली आणि ती सगळ्यांना एकाच दिशेने दिली.

लहान-मोठं करताना जपा. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल तर सपाट जमिनीवर जवळच्या आणि दूरच्या उभ्या माणसांचे डोळे साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात. बदलतात ते पाय. नवीन मुलं दूरच्या माणसाला लहान करून त्याच जमिनीवर ठेवतात आणि तो दूर न दिसता बुटका दिसतो. लहान केल्यावर त्याला वर न्या, डोळे त्या रेषेवर येईपर्यंत. आणि ७५ टक्क्यांखाली लहान करू नका, कारण रेषा इतक्या बारीक होतात की शेजारच्या माणसाच्या रेषांशी जुळत नाहीत. त्याहून दूरचा माणूस हवा असेल तर तो मागच्या घोळक्यातलाच घ्या.

सहावी पायरी: चालणारी माणसं

टोपलंवालीची चाल १२ चित्रांची, दोनावर, म्हणजे २४ फ्रेममध्ये दोन पावलं. ती जागेवरच चालते. पुढे सरकवायचं काम पेगचं. किती सरकवायचं ते अंदाजाने ठरवलं की पाय घसरतात. मोजा. चित्र १ मध्ये टेकलेलं पाऊल चित्र ७ पर्यंत मागे जातं. आमच्याकडे ते अंतर १३२ पिक्सेल आलं. सहा चित्रांत १३२, म्हणजे दर चित्राला २२ पिक्सेल, तेवढंच पेगला पुढे जायचं आहे.

पेगची चाल Linear ठेवा. सुरुवातीला हळू आणि शेवटी हळू अशी ठेवली तर मधे पाय जमिनीवर घासतात. आणि चित्रं दोनावर असतील तर पेगही दोनावर हवा. पेग दर फ्रेमला सरकत राहिला आणि चित्र दोन फ्रेम तेच राहिलं, तर टेकलेलं पाऊल एक फ्रेम पुढे जातं आणि मग मागे येतं. पडद्यावर ते थरथरल्यासारखं दिसतं. Function Editor मध्ये त्या भागाला Step 2 दिलं की ते थांबतं. मागच्या टोपलंवालीला आम्ही ८० टक्के केलं, तेव्हा तिची चालही ८० टक्के करावी लागली, म्हणजे दर चित्राला १७.६ पिक्सेल. दोघींची पावलं एका तालात पडू नयेत म्हणून दुसरीची फेरी पाच चित्रांनी सरकवली. सायकल धरून चालणारा म्हातारबा संथ, १६ चित्रांचा. त्याची सायकल स्थिर चित्र आहे आणि चाकांचे आरे पोत्याआड झाकले आहेत.

सातवी पायरी: एकदाच घडणाऱ्या दोन गोष्टी

सगळा बाजार नुसत्या लूपवर ठेवला की तो निर्जीव होतो, कारण कोणालाच मुलीचं काही पडलेलं नसतं. म्हणून २० चित्रं आम्ही दोन न फिरणाऱ्या हालचालींवर खर्च केली. मुलगी पळत जाते तेव्हा एक म्हातारा मान वळवून बघतो, ९ चित्रं. आणि एक भाजीवाली पदराने घाम पुसते, ११ चित्रं.

या हालचाली मोकळ्या मुद्रेपासूनच सुरू होतात आणि तिथेच संपतात. म्हाताऱ्याचा लूप ६२ फ्रेमचा, म्हणून चित्र १ हे १, ६३, १२५, १८७ आणि २४९ व्या फ्रेमला येतं. मुलगी त्याच्यासमोरून १३० व्या फ्रेमला जाते. १२५ ला वळवलं तर ती यायच्या आधीच तो बघतो आणि १८७ ला फार उशीर होतो. म्हणून त्याची फेरी १४ फ्रेमने खाली सरकवली. आता चित्र १ हे १३९ ला येतं, मुलगी गेल्यावर नऊ फ्रेमने. माणूस दचकून बघतो त्याला एवढा वेळ लागतो. तिथून ९ चित्रं दोनावर, शेवटच्या चित्रावर २० फ्रेम तो तिच्याकडे बघत राहतो, मग तीच चित्रं उलट्या क्रमाने परत आणि लूप पुन्हा चालू.

तपासणी

शॉट तिप्पट वेगाने चालवा. लूपची धडधड, जी साध्या वेगात जाणवते पण सापडत नाही, ती अशी लगेच दिसते. एखादी जागा दिव्यासारखी लुकलुकते. मग कुठल्याही दहा फ्रेमवर थांबून एकाच पात्राच्या प्रती शोधा. दोघी एकाच मुद्रेत शेजारी दिसल्या तर एकीची फेरी सरकवा. नंतर डोळे बारीक करून बघा. मुलीच्या आधी दुसरं काही नजरेत भरलं तर त्याचा रंग दाबा किंवा होल्ड वाढवा. शेवटी ज्याने काम पाहिलेलं नाही अशा माणसाला मोबाइलवर एकदाच दाखवा आणि "बाजारात काय काय होतं?" एवढंच विचारा. त्याने एखाद्या मागच्या माणसाचं नेमकं वर्णन केलं, तर तो माणूस जास्त ओळखीचा झाला आहे.

रेंडरबद्दल एवढंच की मागचे दोन घोळके आधीच पारदर्शक पीएनजी मालिकेत काढून घ्या. आमच्याकडे वीज जाते, आणि प्रत्येक वेळी ३८ माणसं पहिल्यापासून रेंडर करण्यापेक्षा तयार तुकडे जोडणं परवडतं.

हे कुठे चालत नाही

कॅमेरा गर्दीतून आत शिरत असेल तर ही पद्धत सोडा, कारण थर एकमेकांवरून सरकताना झाकलेले पाय उघडे पडतात. सगळ्या बाजाराने एकदम एकीकडे वळून बघायचं असेल तर लूप मदत करत नाही. तिथे मधल्या थरातल्या पाच-सहा जणांची खरी चित्रं काढा आणि बाकीच्यांना त्या वेळी मोकळ्या मुद्रेत थांबवा. आणि शॉट २० सेकंदांच्या पुढे गेला की ८६ फ्रेमचा लूपसुद्धा सहाव्यांदा फिरायला लागतो. अशा वेळी मी लूप लांबवत नाही, दिग्दर्शकाला शॉट मधे कापायला सांगतो. दुसऱ्या कोनातून तीच माणसं वेगळ्या जागी मांडली की चित्रं तीच राहतात.

आमच्या त्या शॉटला दोघांचे साडेतीन दिवस चित्रांना लागले आणि तिसऱ्याचे दोन दिवस मांडणीला. फिल्म त्याच शाळेत दाखवली. तो पोरगा आता चौथीत होता. फिल्म संपल्यावर त्याने विचारलं, "सर, ते पोरगी आजीले भेटली तवा तो बुढा कुठी गेला?" सायकलवाला म्हातारबा तोवर चौकटीबाहेर गेला होता.